पंप दिला, तरी छाती का वाजते?

«माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, वजन १२ किलो. पावसाळा सुरू झाल्यापासून तिसऱ्यांदा सर्दी होऊन त्याची छाती वाजतेय. आधी दोनदा दवाखान्यात मशीन लावलं. या वेळी डॉक्टरांनी साल्ब्युटामॉलचा पंप आणि मास्कवाला स्पेसर लिहून दिला. एका वेळी २ पफ, गरज पडेल तसे ४ ते ६ तासांनी. पण मास्क दिसला की तो रडून घर डोक्यावर घेतो. म्हणून तो झोपल्यावर मास्क नाकापासून जरा लांब धरून दोन्ही पफ एकदम देते. काही फरक पडत नाही. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला पंपाची सवय लागेल, त्यापेक्षा जाऊबाईंकडचं मशीन आणू. मशीनच बरं का? आणि रात्री दवाखान्यात कधी न्यायचं, हे कसं ओळखायचं?» — एक आई, सांगली

ताई, मशीन, म्हणजे औषधाचं धुकं करणारा नेब्युलायझर, आणायची घाई करू नका. औषध योग्यच दिलंय, ते मुलाच्या छातीपर्यंत पोचत नाहीये एवढंच. का पोचत नाही हे समजायला स्पेसर, म्हणजे पंप आणि मास्क यांच्यामधलं ते प्लॅस्टिकचं नळकांडं, एकदा हातात घेऊन उजेडात बघा. मास्कच्या आतल्या बाजूला, नळकांड्याच्या तोंडाशी, एक पातळ रबरी झडप दिसेल. मूल श्वास आत घेतं तेव्हा त्या ओढीनं ती उघडते आणि नळकांड्यातलं औषध बाहेर येतं. श्वास सोडताना ती मिटते. आता मास्क आणि गाल यांच्यात फट राहिली तर काय होईल? हवा सोप्या वाटेनं येते. मूल फटीतली साधी हवा ओढतं, झडप जागची हलत नाही आणि औषध नळकांड्याच्या भिंतीला चिकटून बसतं. म्हणजे मास्क बोटभर जरी लांब धरला तरी तुमच्या मुलाला जवळजवळ काहीच मिळालेलं नाही. मशीनच्या मास्कमधून धुकं निदान आपोआप बाहेर येतं, म्हणून तिथं लांबून थोडंफार तरी जातं, तेही फार कमी. स्पेसरमध्ये तर ओढ नाही तर औषध नाही.

दोन पफ एकदम मारण्याचाही तोटाच होतो. दोन्ही फवाऱ्यांचे कण एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि खाली बसतात. मोठा कण छातीत खोलवर जात नाही, घशाशीच अडकतो. एक पफ, मग श्वास, मग दुसरा पफ, असंच द्यायचं.

रडण्याचं म्हणाल, तर रडणारं मूल श्वास सोडण्यातच बराच वेळ घालवतं आणि मध्येच एक मोठा, झटक्याचा श्वास आत घेतं. एवढ्या वेगानं आलेलं औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि गिळलं जातं. ‘रडताना श्वास मोठा असतो म्हणून औषध जास्त जातं’ असं दवाखान्याच्या बाकावर हमखास ऐकू येतं. ते उलट आहे. आणि झोपेत द्यायचं तर मास्क घट्ट टेकवायलाच हवा. बहुतेक मुलं त्यानं जागी होतात आणि जास्तच चिडतात. म्हणून या वयात जागेपणीच, मांडीवर बसवून देणं बरं.

पद्धत सांगण्याआधी आवाजाबद्दल थोडं, कारण पंप फक्त एकाच आवाजावर चालतो. छातीच्या बारीक नळ्या आतून सुजतात आणि आवळल्या जातात. त्या अरुंद झाल्या की श्वास बाहेर सोडताना शिट्टीसारखा ‘सुंऽई’ आवाज येतो. अंगातला शर्ट वर करून मुलाच्या पाठीला कान लावा. आवाज श्वास सोडताना येतोय का, सोडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय का, ते ऐका. नाक चोंदलं असेल तर घरघर येते. ती नाकाशी कान नेला की मोठी ऐकू येते आणि नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून नाक साफ केलं की कमी होते. त्या घरघरीवर पंप देऊन उपयोग नाही. तिसरा आवाज श्वास आत घेताना येतो, खरखरीत असतो, बरोबर भुंकल्यासारखा खोकला आणि बसलेला घसा. ते दुखणं वरच्या नळीचं, त्याला वेगळं औषध लागतं, त्यासाठी डॉक्टरांकडेच जायचं.

आणि एक गोष्ट विसरू नका. सर्दी नाही, ताप नाही, खेळता खेळता किंवा खाता खाता अचानक ठसका लागला आणि तेव्हापासून छाती वाजतेय, असं असेल तर ती सुंई श्वासनळीत अडकलेल्या शेंगदाण्याची असू शकते. शेंगदाणा, फुटाणा, खोबऱ्याचा तुकडा, मण्याची माळ तुटून मिळालेला मणी. अशा वेळी आवाज बहुतेकदा छातीच्या एकाच बाजूला येतो. ठसका एका क्षणात थांबला तरी त्याच दिवशी इस्पितळात न्यायचं, पंपावर दोन दिवस काढायचे नाहीत. अख्खा शेंगदाणा या वयाच्या मुलाच्या हातात द्यायचाच नाही, कूट चालेल.

आता स्पेसर. नवा आणलात तेव्हा तो धुतला होता का? प्लॅस्टिकच्या नळकांड्याला घासलेल्या कंगव्यासारखी वीज धरते आणि औषधाचे कण भिंतीकडे ओढले जातात. खोक्यातून काढून थेट वापरलेला किंवा ओढणीनं स्वच्छ पुसलेला स्पेसर औषध खातो. म्हणून तो सुटा करा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून त्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, हलकं हलवा आणि बाहेर काढा. झडप बोटानं चोळू नका. नळकांडं नळाखाली खळखळून धुऊ नका, साबणाचा पातळ थर आतून राहू द्या. तोच वीज धरू देत नाही. मास्क मात्र पाण्यानं धुवा, नाहीतर साबण गालाला लागून चरचरेल. मग ताटावर उभं करून वाऱ्यावर वाळू द्या. फडकं नको, हेअर ड्रायर नको, ऊन नको. पूर्ण वाळायला रात्र लागते, म्हणून संध्याकाळच्या पफनंतर धुवायला घ्या. दोन ते चार आठवड्यांतून एकदा पुरे. घरातल्या सगळ्या वस्तू लखलखीत ठेवणाऱ्या बाईला हे सांगणं अवघड जातं, पण स्पेसर चमकला की समजावं, तो पुसलेला आहे. काही स्पेसर वीज न धरणाऱ्या प्लॅस्टिकचे असतात आणि तसं खोक्यावर लिहिलेलं असतं. तुमचा तसा असेल तर ही काळजी कमी.

द्यायच्या वेळी पंपाचं टोपण काढा आणि तोंडात काही अडकलेलं नाही ना ते बघा. पिशवीतून काढलेल्या पंपाच्या तोंडाशी मुरमुऱ्याचा दाणा नाहीतर धाग्याचा गोळा निघतो. पंप नवा असेल किंवा आठवडाभर वापरला नसेल तर आधी हवेत २ ते ४ पफ मारून टाका, पहिल्या फवाऱ्यांत औषधाचं प्रमाण भरवशाचं नसतं. मग पंप चार-पाचदा जोरात हलवा. आत औषध विरघळलेलं नसतं, तरंगत असतं, आणि पिठलं ठेवलं की तळाशी बसतं तसं ते बसतं. हलवून लगेच स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा. डबी वर, तोंड खाली, अशी पंपाची उभी बैठक हवी.

मुलाला मांडीवर बसवा, त्याची पाठ तुमच्या छातीला टेकलेली आणि डोकं तुमच्या खांद्याशी. आडवं झोपवून देऊ नका. डावा हात त्याच्या हातांवरून पोटाभोवती, उजव्या हातात स्पेसर. मास्क आधी नाकाच्या दांडीवर टेकवा आणि मग हनुवटीच्या खळगीत बसवा. डोळ्यांवर चढत असेल तर तो मोठा पडतोय, खालचा ओठ बाहेर राहत असेल तर लहान. घट्ट टेकवायचा, दाबायचा नाही. गालावर वळ उठायला नको.

मास्क बसल्यावर लगेच पफ मारू नका. आधी दोन-तीन श्वास नुसते होऊ द्या आणि झडपेकडे बघा. ती प्रत्येक श्वासाला फडफडतेय, टक् टक् आवाज येतोय, म्हणजे फट नाही. मग डबी एकदा दाबा. मास्क न हलवता श्वास मोजा: किमान ५, शक्यतो १०. या वयाचं मूल मिनिटाला २५-३० श्वास घेतं, तेव्हा दहा श्वास म्हणजे वीसेक सेकंद. एखादं बडबडगीत तेवढ्यात संपतं आणि रोज तेच गाणं म्हटलं की कधी सुटका होणार हे मुलाला कळतं. मध्येच मास्क सुटला तर? दोन-तीन श्वास झाले असतील तर परत टेकवून बाकीचे पूर्ण करा, पण दहा-पंधरा सेकंदांनी टेकवून फायदा नाही, तोवर कण खाली बसलेले असतात. पहिला पफ झाला की अर्धं मिनिट थांबा, पंप काढून परत हलवा आणि दुसरा द्या. हा दुसऱ्यांदा हलवायचा टप्पा घरोघरी गळतो.

रडण्यावर उपाय आजारपणात सापडत नाही, तो बरं असताना करून ठेवावा लागतो. मास्क दोन दिवस खेळण्यांत टाकून द्या. आधी बाहुलीला पंप, मग बाबांना, मग आजीला. पंप न जोडता, नुसता स्पेसर. स्वतःच्या हातानं मास्क तोंडाशी नेऊ द्या. झडपेची टक् टक् मुलांना आवडते, ‘वाजवून दाखव’ म्हटलं की ती खरंच श्वास ओढतात. तुमचा मुलगा आत्ता आजारी आहे, तेव्हा आज एवढंच करा: पहिला प्रयत्न मोबाइलवर त्याचं आवडतं चित्र चालू करून. सहसा मोबाइल नको म्हणणारेही या वीस सेकंदांना हरकत घेणार नाहीत. तरीही हात-पाय झाडलेच, तर अर्धवट लांबून देण्यापेक्षा गच्च मिठीत धरून, मास्क चेहऱ्यावर नीट टेकवून द्या. रडं दोन-चार दिवसांत ओसरतं.

आज रात्रीचं उदाहरण घेऊ. समजा साडेआठ वाजता तो खोकतोय, पाठीला कान लावला तर सुंई येतेय, पण खेळतोय आणि दूध पितोय. पफ देण्याआधी त्याला मांडीवर शांत बसवा आणि पोट वर-खाली होताना बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. समजा ३८ भरले. कागदावर लिहा: ८.३०, श्वास ३८, २ पफ. साल्ब्युटामॉल पाच मिनिटांत काम सुरू करतं आणि पंधरा ते तीस मिनिटांत पूर्ण जोर धरतं. ८.५० ला पुन्हा मोजा. श्वास ३० वर आला, सुंई कमी झाली, तर ठीक. त्याला तासभर तरी धावपळ न करता तुमच्याजवळ ठेवा. पुढचे पफ आवाज किंवा धाप परत आली तरच, आणि ती चार तासांच्या आत यायला नको.

आणि ८.५० ला फरक नसेल तर? सर्वसाधारण नियम असा आहे की वीस-वीस मिनिटांच्या अंतरानं आणखी दोनदा, दर वेळी २ पफ देता येतात, म्हणजे एकूण ६. हे तुमच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नाही, म्हणून उद्याच डॉक्टरांना विचारून त्यांच्या अक्षरात लिहून घ्या. तोवर वीस मिनिटांत फरक पडला नाही तर फोन करा. पहिल्या दोन तासांत ६ पफांपेक्षा जास्त लागले, किंवा दिलेला आराम तीन तासही टिकत नसेल, किंवा चोवीस तासांत मूल सावरलं नसेल, तर त्याच दिवशी दाखवायचं.

काही खुणा दिसल्या तर मात्र वीस मिनिटंही बघत बसायचं नाही. अंगातले कपडे काढून दिव्याखाली बघा. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली किंवा मधे, गळ्याच्या खळगीत खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलतायत, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतोय, शांत असतानाही मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरतायत. धाप लागल्यामुळं पाण्याचा घोट गिळता येत नाही, दोन शब्दही सलग बोलता येत नाहीत. मूल गळून गेलंय, हाक मारली तर नीट बघत नाही. ओठ किंवा जीभ निळसर-करडी दिसते; सावळ्या मुलात ओठांवरून चकवा होतो, म्हणून जीभ आणि हिरड्या बघा. यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा जी गाडी आधी मिळेल तिनं निघा, आणि निघताना, वाटेत, स्पेसरमधून पफ देत राहा, थांबवू नका. सगळ्यात फसवी खूण म्हणजे आवाज अचानक बंद होणं. मूल ताजंतवानं होऊन आवाज थांबला तर छान. पण धाप तशीच, चेहरा उतरलेला आणि सुंई मात्र गायब, याचा अर्थ नळ्यांतून शिट्टी वाजण्याइतकीही हवा जात नाहीये. घरातलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मोठ्या माणसांच्या बोटाचं असतं, या वयाच्या बोटावर ते सैल बसून काहीही आकडा दाखवतं. त्याच्यावर विसंबून थांबू नका.

आता सासूबाईंची शंका. त्यांच्यासाठी एक साधा हिशोब मांडते. साल्ब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, २ पफ म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. याच औषधाचं गोड सिरप मिळतं, त्याच्या ५ मिलीत २ मिलिग्रॅम असतं. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. म्हणजे अर्धा चमचा, अडीच मिली, सिरप दिलं की दहा पफांइतकं औषध पोटात गेलं. ते आधी रक्तात उतरतं, हात थरथरवतं, छाती धडधडवतं, झोप उडवतं आणि त्यातला थोडासाच वाटा नळ्यांना मिळतो. पंप ज्या जागी लागतं त्याच जागी थोडं औषध नेतो. दिल्यावर थोडा वेळ मूल चुळबुळं होईल, हृदयाचे ठोके वाढतील, ते तासाभरात ओसरतं. त्याची सवय लागत नाही. नळ्या आवळल्या नसतील त्या दिवशी मूल पंप मागत नाही. ‘मोठ्यांचा पंप म्हणजे शेवटचा उपाय’ ही भीती ज्या काळी पंप सगळ्यात शेवटी दिला जायचा त्या काळातली आहे.

पावसाळ्यात आणि थंडीत विषाणूच्या प्रत्येक सर्दीला छाती वाजणारी खूप मुलं पाच-सहा वर्षांची होता होता त्यातून मोकळी होतात, कारण नळ्या रुंद होतात. दर महिन्याला वाजत असेल, हसताना-धावताना-रात्री सर्दी नसतानाही खोकला येत असेल, अंगावर खाजरा इसब असेल किंवा आई-वडिलांना दमा असेल, तर रोज घ्यायच्या दुसऱ्या पंपाचा विचार डॉक्टर करतील. त्यात बुडेसोनाइडसारखं सूज उतरवणारं औषध असतं. ते घरात आलं तर दोन्ही डब्यांवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहा, ‘धाप लागल्यावर’ आणि ‘रोज’. कंपनी बदलली की रंग बदलतो, आणि रात्री दोन वाजता रोजचा पंप देऊन आराम पडायची वाट बघणारी घरं कमी नाहीत. तो धाप लागल्यावर लगेच उपयोगी पडत नाही. तो दिल्यावर मुलाचा चेहरा पुसायचा आणि दोन घोट पाणी पाजायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

मशीनचा प्रश्न राहिला. नीट दिलेला पंप-स्पेसर सौम्य आणि मध्यम धापेत मशीनइतकंच काम करतो, आणि ठोके कमी वाढवतो. वेळेचा फरक तर उघड आहे, दोन मिनिटं विरुद्ध दहा मिनिटं. लाइट गेली तर मशीन बंद. इस्पितळात मशीन लावतात त्याचं एक कारण म्हणजे तिथं बऱ्याचदा त्याच्याबरोबर ऑक्सिजन द्यायचा असतो. म्हणून तुम्हाला ते जास्त ‘पॉवरफुल’ वाटलं. शिवाय तिथं मास्क चेहऱ्याला टेकवलेला होता, हा फरक विसरू नका. स्पेसर हे काही गूढ यंत्र नव्हे: दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवलं की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाडून पंप घट्ट बसवला तरी दम्याच्या मुलांना विकतच्या स्पेसरइतका आराम पडतो. तुमच्याकडे स्पेसर आहे, तेव्हा हा उद्योग करू नका. घरापासून लांब अडकलात तर आठवण असू द्या.

तरी डॉक्टरांनीच मशीन सांगितलं आणि जाऊबाईंचं आणलंत, तर त्यातला फक्त डबा उसना घ्या. मास्क, औषधाचा कप आणि नळी नवीन घ्या, हवेची गाळणी बदला. औषध डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच. या ठिकाणी एक चूक फार महागात पडते. साल्ब्युटामॉल दोन रूपांत मिळतं: प्लॅस्टिकच्या छोट्या फोडायच्या कुपीत २.५ मिलिग्रॅम, २.५ मिली पातळ केलेलं, आणि थेंबांच्या बाटलीत घट्ट, १ मिलीत ५ मिलिग्रॅम. बाटलीतलं २.५ मिलिग्रॅमसाठी अर्धा मिली घ्यायचं असतं. ‘अडीच’ हा आकडा लक्षात राहून कोणी बाटलीतून अडीच मिली घेतलं तर पाचपट डोस गेला. म्हणून घरी कुपीच मागा.

कपात एकूण ३ ते ४ मिली द्रव हवा, कारण अर्धा-एक मिली कपाच्या भिंतीलाच राहतो. कमी पडत असेल तर ०.९ टक्के सलाइन घाला, ५ किंवा १० मिलीच्या कुपीतलं, आणि उरलेलं फेकून द्या. नळाचं, उकळलेलं, आरओचं पाणी चालत नाही. साधं पाणी आवळलेल्या नळ्यांना चिडवतं आणि खोकला वाढवतं. नाकात टाकायचे मिठाच्या पाण्याचे थेंबही चालत नाहीत, त्यात अनेकदा टिकाऊपणासाठी घातलेलं रसायन असतं. कपात एक छोटा शंकू असतो, धुताना तो बेसिनमध्ये निसटतो. तो नसेल तर मशीन घोंघावतं पण धुकं येत नाही. कप उभा धरा, मुलाला बसवा, मास्क टेकवा. पाच ते दहा मिनिटांत फुरफुर सुरू होते, तेव्हा कपाला टिचकी मारा आणि पुन्हा फुरफुर आली की थांबवा. पंधरा मिनिटं झाली तरी संपत नसेल तर गाळणी काळी झालीय, नळी सैल आहे किंवा कपाचं भोक बुजलंय. प्रत्येक वेळी कप आणि मास्क स्वच्छ पाण्यानं धुऊन वाळवा, दिवसातून एकदा साबणानं. नळी धुवायची नाही, आत ओल दिसली तर ती एकटी जोडून मशीन दोन मिनिटं चालवा.

साध्या सर्दी-खोकल्यात नुसतं सलाइन मशीनमध्ये घालून ‘वाफ’ द्यायची पद्धत बोकाळलीय. त्यानं आवळलेली नळी सैल होत नाही. आणि ती वाफ नसते, थंड धुकं असतं. खरी वाफ, म्हणजे उकळतं पातेलं आणि डोक्यावर टॉवेल, सव्वादोन वर्षांच्या मुलाच्या आसपासही नको. त्यानं फक्त भाजलेली मुलं इस्पितळात येतात.

खोकल्याचं सिरप देऊ नका. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंच आहे की दोन वर्षांखाली ती द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली साधारणपणे नकोत. रात्री खोकला सतावत असेल तर झोपताना अर्धा चमचा मध चालतो, कारण तुमचा मुलगा वर्षाच्या पुढे आहे. सुंई गेल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्यासाठी पंप चालू ठेवायचा नाही. आणि आंघोळीनंतर ओवा-बाळंतशेपाची धुरी, उदबत्ती, डासांची कॉइल, छातीला कापराची पोटली, हे सगळं या घरातून काही महिने तरी हद्दपार करा. धुरीबद्दल सासूबाईंशी तुम्ही वाद घालू नका, पुढच्या भेटीत त्यांनाच बरोबर न्या आणि डॉक्टरांना सांगायला लावा.

त्या भेटीला पंप, स्पेसर आणि रात्रीचा कागद पिशवीत टाका. ‘देता येतं ना?’ असं विचारल्यावर ‘हो’ म्हणू नका, तिथंच मुलाला मांडीवर घेऊन एक पफ देऊन दाखवा. डबीत २०० पफ असतात. त्यावर आकडा नसेल तर मागे पट्टी चिकटवून दिलेले पफ रेघांनी मोजत जा. पाण्यात तरंगवून किती उरलंय ते कळत नाही, औषध संपल्यावरही नुसता वायू फवारत राहतो. १८० रेघा झाल्या की नवी डबी आणा.